४२० की १९५०? चौरस फुटाचे दोन दर एका मापात आणून बघताना

प्रश्न: आम्ही नोकरीसाठी विरारला असतो. राजापूर तालुक्यात गावच्या जागेत २५ बाय ३० फुटांचं, चिऱ्याचं, वर स्लॅब असलेलं तळमजल्याचं घर बांधायचं आहे. गावातले ठेकेदार म्हणतात, नुसती मजुरी ४२० रुपये फूट आणि मटेरियलसकट १९५० रुपये फूट. मजुरीवर दिलं तर एकूण खर्च किती येईल आणि स्वस्त काय पडेल? जागा थोडी उताराची आहे. गावी फक्त वडील आहेत, वय ७२.

उत्तर:

आज संध्याकाळी ठेकेदाराला फोन करून एकच विचारा: "फूट जोत्याचा धरणार की स्लॅबचा?" या उत्तरावर तुमचे साडेचार लाख रुपये अवलंबून आहेत.

तुमचं जोतं २५ बाय ३०, म्हणजे ७५० चौरस फूट. पण कोकणात स्लॅब भिंतीच्या कडेला संपवत नाहीत. पावसाची झड चिऱ्यावर बसू नये म्हणून चारही बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढतात, आणि काढायलाच हवा. मग स्लॅब होतो २९ बाय ३४, म्हणजे ९८६ चौरस फूट. घर तेच, खोल्या त्याच, पण माप ३१ टक्क्यांनी वाढलं. मजुरीचे ४२० रुपये जोत्यावर मोजले तर ३,१५,००० होतात, स्लॅबवर मोजले तर ४,१४,०००. मटेरियलसकट १९५० जोत्यावर मोजले तर १४,६२,५०० आणि स्लॅबवर मोजले तर १९,२२,७००. आमच्या भागात मजुरीवाले बहुतेक जण स्लॅब मोजतात आणि त्यात फसवणूक नाही, कारण सेंट्रिंग, सळई आणि काँक्रीट त्यांना तेवढ्या सगळ्या क्षेत्राचं करावं लागतं. अडचण होते ती एक दर जोत्याचा आणि दुसरा स्लॅबचा असताना आपण दोन्ही शेजारी ठेवून तुलना करतो तेव्हा. पुढचा सगळा हिशेब मी शेवटी जोत्याच्या ७५० फुटांना भागून देतो, कारण वापरायला तुम्हाला तेवढंच घर मिळणार आहे.

दुसरी चूक वजाबाकीची. १९५० मधून ४२० गेले, उरले १५३०, म्हणजे मटेरियल १५३० रुपये फूट, असं लोक धरतात. पण ४२० मध्ये घराची सगळी मजुरी नसतेच. आमच्याकडे या दरात साधारण पायाचं आणि भिंतीचं चिऱ्याचं काम, स्लॅब (सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू ठेकेदाराचे), आतून-बाहेरून प्लास्टर आणि जमिनीचा कोबा एवढं येतं. पाया खोदाई, भराव, लाद्या बसवणं, वायरिंग, नळकाम, रंग आणि संडासाची टाकी या प्रत्येकाची मजुरी वेगळी. १९५० मध्ये मात्र यातलं बरंचसं धरलेलं असतं. म्हणून मजुरीच्या दरावरून पूर्ण खर्च काढायचा तर मटेरियल मोजावं लागतं, त्याला दुसरा रस्ता नाही. तुमच्याच घराचं मोजून दाखवतो.

चिऱ्यापासून सुरू करू. बाहेरच्या भिंती ११० फूट लांब, आतल्या तुमच्या आकाराच्या घरात साधारण ५५ फूट, मिळून १६५. जोत्यावर १० फूट उंची धरली तर १६५० चौरस फूट भिंत. दारं, खिडक्या आणि लिंटेलची पट्टी वजा केली की १३४० च्या आसपास उरते. आपल्याकडचा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच. ९ इंची भिंतीत त्याचं तोंड मसाल्याच्या सांध्यासकट पाऊण चौरस फूट भरतं, म्हणजे १३४० फुटांना सुमारे १८०० चिरे लागतात. पायात आणि जोत्यात चिरा आडवा पडतो, भिंत १४ इंचांची होते आणि तोंड अर्धा फूटच मिळतं. जमिनीखाली दोन फूट आणि वर दोन फूट धरलं तर १६५ गुणिले ४, म्हणजे ६६० चौरस फूट, त्याला १३२० चिरे. दोन्ही मिळून ३१२० झाले. उतरवताना कोपरे फुटतात, दारांजवळ तुकडे करावे लागतात. तेवढी घट धरून ३३०० मागवा.

हा आकडा तुम्हाला दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. मजुरीवर काम दिलंत आणि ३३०० संपूनही भिंत लिंटेलवर पोचली नाही, तर एक तर गाडीत चिरे कमी येतायत किंवा माल कच्चा येतोय. कच्चा चिरा ओळखायला वडिलांना कोणी शिकवायला नको, त्यांनी आयुष्यभर पाहिलाय. तरी नवीन माणसासाठी सांगतो. चांगल्या चिऱ्यावर हातोडीचा टोला मारला की खणखणीत वाजतो, कच्च्यावर बद्द आवाज येतो. कच्च्याच्या कापलेल्या तोंडावर पिवळट-पांढऱ्या मातीचे डाग असतात आणि नखानं ती माती निघते. खाणीतून ताजा कापलेला चिरा मऊ असतो, हवेवर राहिला की टणक होतो. म्हणून दिवाळीनंतर माल आणून अंगणात रचून ठेवणं आणि नंतर लावणं हे एप्रिलमध्ये गाडीवरून थेट भिंतीत घालण्यापेक्षा चांगलं. पावसात खाणींत पाणी भरतं, त्यामुळे मे महिन्यात सगळे एकदम मागतात आणि भावही चढतो.

आता काँक्रीट. ९८६ फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे ४११ घनफूट, त्यात आतल्या बीमचे ४० धरले की ४५१. घनमीटरमध्ये १२.८. एकास दीड, तीन या प्रमाणाच्या काँक्रीटला घनमीटरमागे सुमारे ८ गोण्या सिमेंट लागतं. म्हणजे तुमच्या स्लॅबच्या दिवशी शंभराच्या आसपास गोण्या रिकाम्या झाल्याच पाहिजेत. संध्याकाळी रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा मोजणं ७२ वर्षांच्या माणसालाही जमतं. त्या ८० भरल्या तर काँक्रीटमध्ये सिमेंट कमी पडलंय किंवा स्लॅब ४ इंचांचा पडलाय, तिसरं कारण नाही. मटेरियलसकट कामात हीच एक मोजणी मी प्रत्येक घरमालकाला करायला लावतो. लोक टाइल्सचा डिझाईन नंबर पाठ करतात आणि ही गोष्ट बघायची राहून जाते.

बाकीचं सिमेंट लिंटेल आणि जोत्याच्या पट्टीत, चिऱ्यांच्या सांध्यात, प्लास्टरमध्ये, कोब्यात आणि लाद्यांखाली जातं. सगळं धरून तुमच्या घराला ३२० गोण्या पुरतात. जोत्याच्या फुटामागे ०.४३ गोणी झाली, चिऱ्याच्या घराला हे योग्य आहे. सळई दीड टन. इथे मात्र एक गोष्ट ठेकेदाराकडून स्पष्ट करून घ्या: घर भिंतींवर उभं राहणार की कॉलमवर? मी मोजलंय ते भिंतींवरचं, फुटाला दोन किलोंचं. कॉलम-बीमचा सांगाडा केला तर सळई सहज साडेतीन-चार किलोंवर जाते आणि सगळे आकडे बदलतात. तळमजल्याच्या चिऱ्याच्या घराला कॉलमची सहसा गरज नसते. पण जोत्याच्या आणि लिंटेलच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारी काँक्रीटची पट्टी हवीच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्या वडिलांना आठवत असेल. ती पट्टी भिंतींना एकत्र बांधून ठेवते. दर कमी दाखवायचा असला की ठेकेदार फक्त दारं-खिडक्यांच्या डोक्यावर तुकड्या-तुकड्यांनी लिंटेल टाकतो. १६५ फुटांच्या पट्टीऐवजी ५०-५५ फुटांत काम भागवतो, आणि प्लास्टर झाल्यावर ते कुणाला दिसत नाही.

वाळू १२ ब्रास, खडी ९ ब्रास, जोत्यात भराव १४ ब्रास. वाळू खाडीची असेल तर काँक्रीटला घालू देऊ नका, दर कितीही कमी पडला तरी. तिच्यातलं मीठ सळई आतून खातं. आपल्याकडे दहा-बारा वर्षांत छज्ज्याची खालची बाजू पोपडे सुटून पडते आणि गंजलेली सळई उघडी दिसते, त्याला बहुधा हेच कारण असतं. शंका आली तर मूठभर वाळू ग्लासभर पाण्यात ढवळा, निवळू द्या आणि पाणी जिभेवर घ्या. खारट लागलं तर गाडी परत पाठवा. खारट लागलं नाही म्हणून वाळू उत्तम असं मात्र समजू नका. क्रश सँड किंवा नदीची वाळू असं कागदावर लिहून घेणं जास्त पक्कं.

आता भाव लावू. मी चिरा जागेवर पोच ४२ रुपये, सिमेंट ३७० रुपये गोणी, सळई ६२ रुपये किलो, क्रश सँड ५,५०० आणि खडी ३,८०० रुपये ब्रास, भराव १,८०० रुपये ब्रास असे धरतो. तुमच्या जागेवर पोच जे भाव मिळतील ते घाला, माप तेच राहील. चिरे १,३८,६००, सिमेंट १,१८,४००, सळई ९३,०००, वाळू ६६,०००, खडी ३४,२०० आणि भराव २५,२००. बेरीज सुमारे ४ लाख ७५ हजार. फुटाला ६३५ रुपये. ढाच्याचं मटेरियल एवढंच.

हा आकडा ऐकून लोक खूश होतात आणि मजुरीवर काम देऊन मोकळे होतात. खर्च वाढतो तो यानंतर. पाच दारं आणि सात खिडक्या, ग्रीलसकट, दीड लाख. लाद्या आणि स्वयंपाकाचा ओटा ८० हजार. वायरिंगचं सामान ६५ हजार, नळ, संडास-बाथरूमचं सामान आणि पाण्याची टाकी ९० हजार, रंग ५५ हजार, संडासाच्या टाकीचं सामान ४५ हजार, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग २५ हजार. मिळून ५ लाख १० हजार. म्हणजे फिनिशिंगचं सामान ढाच्याच्या मटेरियलपेक्षा जास्त आहे, आणि हाच भाग तुमच्या आवडीप्रमाणे दीडपट किंवा दुप्पटही होतो. मी धरलंय ते साधं आणि टिकाऊ. मग ४२० मध्ये न धरलेली मजुरी: खोदाई, वायरमन, नळवाला, लादीवाला, रंगारी, टाकीचं काम, मिळून १ लाख ८५ हजार. मिक्सर आणि व्हायब्रेटरचं भाडं, हमाली, पाण्याचे टँकर असे सुटे ३० हजार. आणि ठेकेदाराची मजुरी स्लॅबच्या मापानं ४ लाख १४ हजार.

सगळ्याची बेरीज १६ लाख १४ हजार. जोत्याच्या फुटाला २१५०.

आता ठेकेदाराच्या १९५० कडे परत या. तो दर स्लॅबच्या मापाचा असेल तर १९ लाख २३ हजार, म्हणजे आपल्या हिशेबापेक्षा ३ लाखांनी जास्त. त्यात त्याचा नफा, भाव चढण्याचा धोका आणि माल आणण्याची धावपळ आली. मटेरियल आणि इतर कामांवर बारा-पंधरा टक्के हे या कामाचं वाजवी मोल मी मानतो, तेवढं धरलं तरी हा दर थोडा चढा आहे. बोलून कमी होईल.

तो दर जोत्याच्या मापाचा असेल तर रक्कम १४ लाख ६२ हजार होते आणि तुम्हाला वाटेल की हेच स्वस्त. इथे थांबा. आपला खर्च १६ लाख येतोय आणि तो माणूस नफ्यासकट साडेचौदा म्हणतोय. त्याला सामान घाऊक भावात मिळतं, त्यात पन्नासएक हजार वाचतील. मजुरीतला त्याचा स्वतःचा फायदा त्यानं सोडला तर आणखी पन्नास. तरी आकडा पंधराच्या वरच राहतो. म्हणजे काहीतरी या दरात नाही, किंवा आहे ते हलकं आहे. संडासाची टाकी, खिडक्यांचे ग्रील, ओटा, वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग हे बहुधा बाहेर राहिलेलं असतं आणि स्लॅब झाल्यावर "ते वेगळं" असं कळतं. तोवर तुम्ही दहा लाख दिलेले असतात आणि माणूस बदलता येत नाही. भांडू नका, कामाला सुरुवात व्हायच्या आधी वरची यादी त्याच्यासमोर ठेवून प्रत्येक वस्तूपुढे "आहे" किंवा "नाही" लिहून घ्या. प्रामाणिक ठेकेदार याला कधी हरकत घेत नाही, उलट त्यालाही पुढचा वाद नको असतो.

आता उतार. तुम्ही "थोडी उताराची" असं सहज लिहिलंय, पण कोकणात दराचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. दोन्ही दरांत "जोतं दोन फुटांपर्यंत" असं गृहीत असतं, कुणी बोलत नाही. मागे एका घराला मी हे बघितलं. मालक मुंबईचे, नकाशा सपाट कागदावर काढलेला, दर ठरला आणि खोदाईच्या दिवशी दोरी लावली तेव्हा कळलं की पुढच्या बाजूला जोतं दोन फूट आणि मागच्या बाजूला साडेपाच फूट होतंय. २५ फुटांत साडेतीन फुटांचा उतार होता, उभं राहून डोळ्यांना तो जाणवतही नव्हता. तुमच्याकडे तेवढाच उतार निघाला तर जोतं सरासरी पावणेदोन फूट जास्त उठणार. भिंत सुमारे २९० चौरस फूट वाढते, तिला ६०० चिरे, म्हणजे २५ हजार. भराव दाबून बसेल तेवढा धरून १६ ब्रास जास्त, २९ हजार. सिमेंट, वाळू आणि मजुरी २० हजार. एकूण ७५ हजार, फुटाला १०० रुपये, आणि घर एक इंचानंही मोठं झालेलं नाही. त्यातही भराव एका दिवसात ओतून वर कोबा केला तर दुसऱ्या पावसाळ्यात जमीन खचते आणि लाद्या पोकळ वाजायला लागतात. तो फूट-फूट थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून बसवावा लागतो.

म्हणून दर ठरवायच्या आधी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन वडिलांना आणि एका गवंड्याला जागेच्या चारही कोपऱ्यांना खुंट्या मारून पातळी बघायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे. कोपऱ्यातला फरक फुटांत लिहून घ्या आणि जोत्याची उंची प्रत्येक बाजूला किती हे करारात घाला. खोदताना कातळ लागला तर ब्रेकरचं भाडं कुणाचं, हेही तिथेच लिहा. सड्यावरच्या जागेत तो फुटाभरातच लागतो. पायाला ते चांगलं, खोदाईच्या बिलाला नाही.

जीएसटीचं थोडक्यात. एकट्या राहत्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला जीएसटी माफ आहे. मटेरियलसकट काम दिलं आणि ठेकेदार नोंदणीकृत असेल तर बिलावर १८ टक्के लागतात. वरच्या १९ लाखांवर ते साडेतीन लाख होतात, म्हणून १९५० "करासह" की "कर वेगळा" हे विचारा. नोंदणी नसलेल्या ठेकेदाराला हा कर तुमच्याकडून घेता येत नाही. तुम्ही सिमेंट-सळईवर दुकानात भरता तो कर वरच्या भावांत आलेलाच आहे.

तुमच्यासाठी काय योग्य? घराशेजारी राहणारा, रोज दोन तास देऊ शकणारा माणूस असता तर मी मजुरीवरच द्या म्हटलं असतं. पण मजुरीच्या कामात माल संपला की गवंडी बसून राहतात, दोन दिवस बसले की दुसऱ्या कामावर जातात आणि शिमग्याला गावी गेले की पंधरवड्यानं उगवतात. विरारहून फोनवर वाळूची गाडी मागवून हे चालत नाही. आणि मजुरीवरच्या माणसाला तुमचं सिमेंट वाचवण्याचं कारणच नसतं. सांडलेला मसाला उचलत नाहीत, उघडी गोणी रात्रभर दवात राहते. वडिलांनी या वयात मे महिन्याच्या उन्हात चिऱ्याच्या गाड्या मोजाव्यात असं मला वाटत नाही. पूर्ण मटेरियलसकट दिलं तर मात्र दारं-खिडक्या, नळ, वायर यांत हलका माल येतो, आणि तुम्हाला रोज हात लागतो तो याच गोष्टींना.

म्हणून काम दोन तुकड्यांत द्या. ढाचा, म्हणजे खोदाईपासून प्लास्टर आणि कोब्यापर्यंत, मटेरियलसकट ठेकेदाराला. त्याचा खर्च आपल्या हिशेबानं मटेरियल ४.७५, मजुरी ४.१४, खोदाई १५ हजार आणि सुटे ३० हजार, म्हणजे ९ लाख ३४ हजार. त्यावर मटेरियलचं त्याचं मोल साठ-सत्तर हजार द्या, दहा लाख होतील. जोत्याच्या फुटाला १३३०. ठेकेदाराकडे हाच दर मागा: "ढाचा, जोत्याच्या मापानं, दोन फुटांपर्यंतच्या जोत्यासकट किती?" १३०० ते १४०० च्या मध्ये उत्तर आलं तर माणूस हिशेबानं बोलतोय. ११०० आलं तर पट्टी, सिमेंट किंवा स्लॅबची जाडी कुठेतरी कापलेली आहे. फिनिशिंगचं सामान तुम्ही स्वतः घ्या. ते दोन-तीन सुट्ट्यांत घेता येतं, गाडीनं एकदम पाठवता येतं आणि त्याचे कारागीर वेगवेगळे असल्यानं एकाच माणसावर अडून बसावं लागत नाही. एकूण खर्च उतार सोडून १६ लाख ८० हजारांच्या आसपास राहील. मजुरीवर देण्यापेक्षा साठ-सत्तर हजार जास्त, पण वडिलांची फेरी फक्त गोण्या मोजायची राहील.

पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटच्या टप्प्यात खरोखर रक्कम ठेवा. मटेरियल त्याचं आहे म्हणून तो सुरुवातीला उचल मागेल, ती द्यावी लागते, दहा टक्के पुरे. जोतं झाल्यावर २०, लिंटेलला १५, स्लॅबला ३०, प्लास्टरला १५ आणि कोबा होऊन पहिला पाऊस बघितल्यावर १०. स्लॅबपर्यंतच ९० टक्के देऊन बसलेली घरं मी बघितली आहेत. स्लॅबनंतर प्लास्टरचं काम ठेकेदाराला किचकट आणि कमी पैशांचं वाटतं, त्यामुळे तो दुसऱ्या स्लॅबवर जातो आणि ओल्या भिंती तशाच पावसाळ्यात उभ्या राहतात.

सळईचं वजन गाडी आली त्या दिवशी बघून घ्या. ८ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई ४.७ किलोची भरायला हवी, १० ची ७.४ आणि १२ ची १०.७ किलोची. गावच्या दुकानातल्या काट्यावर प्रत्येक जाडीची एकेक टाकली तरी कळतं. ८ ची ४.२ भरली तर ती सळई परत करा, कारण स्लॅबचा सगळा नकाशा ती पूर्ण जाडीची आहे असं धरून काढलेला असतो.

उताराचा आकडा आणि फूट कुठला ते समजलं की इथे लिहा. जोत्याची उंची घालून ढाच्याचा दर मी तुम्हाला पुन्हा काढून देतो.